नदीला लोंढा आला त्या रात्रपाळीत: तुरटीपासून क्लोरिनपर्यंतचा माझा अनुभव

पाणी गढूळ आलं की तुरटी वाढवायची, हे कुणालाही सुचतं. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा नदी शांत होती आणि तेवढ्यावर काम भागत होतं. मग वरच्या खोऱ्यात पहिला मोठा पाऊस झाला. संध्याकाळी 12 एनटीयू असलेला कच्च्या पाण्याचा गढूळपणा माझी रात्रपाळी सुरू होईपर्यंत 600 वर गेला होता. पाणी पाहून रंगाची भीती वाटली, पण मला जास्त काळजी लागली ती दुसऱ्या आकड्याची. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, 90 वरून 38 मिलिग्रॅम प्रति लिटरवर आली होती.

ती का घसरते ते सोपं आहे. उन्हाळ्यात नदीत येणारं पाणी जमिनीतून, खडकांतून झिरपत आलेलं असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. लोंढ्याचं पाणी मात्र थेट पावसाचं. ते माती घेऊन येतं, पण क्षार आणत नाही. म्हणजे ज्या वेळी तुरटी सगळ्यात जास्त लागणार, नेमकी त्याच वेळी तुरटीला लागणारी अल्कलिनिटी सगळ्यात कमी असते.

मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कारण त्या सगळ्यांवर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं आणि त्याचबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो. त्यात कण अडकून फ्लॉक, म्हणजे पुंजके बनतात. हा साका बनताना आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. 1 मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. अल्कलिनिटी संपली की पीएच कोसळतो, आणि पीएच फार खाली गेला की ॲल्युमिनियम साका न होता पाण्यात विरघळलेलंच राहतं.

रात्रपाळीचे ऑपरेटर मामा माझ्यापेक्षा कितीतरी जुने. ते म्हणाले, “मॅडम, आवक थोडी कमी करून देतो. तुम्ही जार लावा.” जार टेस्टचा, म्हणजे छोट्या जारमध्ये वेगवेगळे डोस देऊन बघायच्या चाचणीचा, निकाल यायला पाऊण-एक तास जातो, आणि तोवर प्लांट थांबत नाही. आवक कमी केली की निवळण टाकीत पाण्याला जास्त वेळ मिळतो, म्हणून त्यांचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटला. त्यांनी ती ताशी 1,000 घनमीटरवर आणली.

सहा जारमध्ये एकेक लिटर कच्चं पाणी घेतलं आणि तुरटीचे डोस 30 पासून 80 मिलिग्रॅमपर्यंत दहा-दहाच्या फरकाने दिले. एक मिनिट जोरात ढवळणं, मग पंधरा मिनिटं अगदी संथ, मग पाती बंद करून अर्धा तास स्थिर. संथ ढवळणीत जारला डोळा लावून बसावं असं असतं. 50 च्या जारमध्ये आधी धुरकटपणा आला, मग त्यातच ठिपके दिसू लागले आणि ते टाचणीच्या डोक्याएवढे होऊन फिरू लागले. 80 च्या जारमध्ये मात्र ठिपके बारीकच राहिले आणि पाणी दुधाळ.

स्थिर झाल्यावर वरचं पाणी तपासलं. 30 ला गढूळपणा 40, 40 ला 18, 50 ला 11. इथपर्यंत सुधारणा. पुढे 60 ला 14, 70 ला 35 आणि 80 ला 60. पीएच पाहिल्यावर सगळा उलगडा झाला: 50 च्या जारमध्ये 6.0, 60 मध्ये 5.7, आणि 80 मध्ये पाचच्याही खाली. 80 मिलिग्रॅम तुरटीला 40 ची अल्कलिनिटी हवी आणि पाण्यात होती 38.

अशा वेळी 50 वर थांबायचा मोह होतो, कारण सहांत तोच उत्तम दिसतो. पण 11 एनटीयूचं पाणी फिल्टरवर पाठवलं तर फिल्टर काही तासांतच तुंबतात. शिवाय पीएच 6 च्या खाली घसरला तर थोडं ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात फिल्टरमधून निसटू शकतं. पुढे कुणी पाणी आम्लधर्मी आहे म्हणून शुद्ध पाण्याच्या टाकीत चुना टाकला, तर तेच ॲल्युमिनियम तिथे साका होऊन बसतं. फिल्टरमधून काचेसारखं निघालेलं पाणी टाकीत धुरकट होतं आणि दोष विनाकारण फिल्टरला लागतो. चुना द्यायचाच तर तुरटीच्या आधी द्यावा.

म्हणून दुसरी फेरी लावली. प्रत्येक जारमध्ये आधी 20 मिलिग्रॅम विरवलेला चुना, मग तुरटी. 20 मिलिग्रॅम चुन्याने अल्कलिनिटी साधारण 27 ने वाढते, म्हणजे 38 ची 65 झाली. त्यातून 60 मिलिग्रॅम तुरटीने 30 खाल्ली तरी 35 शिल्लक. या जारमध्ये फ्लॉक जड बनले, झपाट्याने खाली बसले, गढूळपणा 4 आणि पीएच 7 च्या जवळ.

प्लांटचा हिशोब मग एका ओळीचा होता. ताशी 1,000 घनमीटर पाण्याला प्रति लिटर 60 मिलिग्रॅम म्हणजे तासाला 60 किलो तुरटी आणि 20 किलो चुना. आमचं तुरटीचं द्रावण 10 टक्क्यांचं, म्हणून डोसर ताशी 600 लिटरवर. चुन्याची निवळी फ्लॅश मिक्सरच्या आधी सोडली, तुरटी मिक्सरच्या तोंडाशी. दोन्ही एकाच जागी सोडल्या तर तुरटी मातीला भिडण्याआधीच चुन्याशी झटापट करते. तुरटीची रासायनिक क्रिया काही सेकंदांत उरकते, म्हणूनच त्या जागी पाणी जोरात घुसळावं लागतं. नंतरच्या फ्लॉक्युलेटरमध्ये उलट, पंखे जोरात फिरले तर बनलेले पुंजके फुटतात आणि फुटलेला पुंजका पुन्हा तितका चांगला जुळत नाही.

यानंतर वाट पाहायची. ही वाट पाहणं नव्या माणसाला फार जड जातं. निवळण टाकीत पाणी अडीच-तीन तास असतं, त्यामुळे आत्ता टाकीच्या कडेवरून सांडणारं पाणी तासांपूर्वीच्या डोसचं असतं. ते पाहून डोस पुन्हा बदलला तर आपण जुन्या पाण्याला नवं औषध देत राहतो. मी फ्लॉक्युलेटरच्या शेवटच्या कप्प्यातून बाटलीत पाणी घेऊन टेबलावर ठेवलं. तिथलं पाणी नव्या डोसचं होतं, आणि पुंजके मिनिटाभरात तळाशी जाऊ लागले. प्लांट जारसारखाच वागतोय एवढी खात्री त्या बाटलीने दिली.

मामांचं लक्ष गाळाकडे होतं. माती पन्नास पटीने वाढली म्हणजे गाळही वाढणार. गाळाचे व्हॉल्व्ह रोजच्या वेळापत्रकाने उघडले तर गाळाचा थर चढत जातो आणि पुंजके कडेच्या खाचांतून पाण्याबरोबर बाहेर पडतात. “वरून दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला,” असं म्हणून ते थोड्या थोड्या वेळाने गाळ सोडत राहिले. निघणारा गाळ दाट असेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा, पातळ झाला की बंद. पहाटे निवळलेल्या पाण्याचा गढूळपणा 5 वर आला.

फिल्टरबद्दल एक समज मला मनापासून खोडावासा वाटतो, तो म्हणजे वाळू चाळणीसारखं काम करते हा. फिल्टरमधली वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची, आणि तिच्या कणांमधल्या फटी जंतूंपेक्षा कितीतरी पट मोठ्या. जंतू आणि माती अडकतात ते वाळूला चिकटून, आणि चिकटतात ते आधी तुरटीने त्यांचा भार मोडलेला असतो म्हणून. तुरटी बिघडली तर उत्तम वाळूही पाणी तसंच सोडून देते. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका केंद्रातून गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढला, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळांत पोचला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. हा परजीवी पाणीपुरवठ्यात वापरतात तेवढ्या क्लोरिनला दाद देत नाही. त्याला अडवायची जागा फिल्टरच.

त्या रात्री दोन फिल्टरचा हेड लॉस, म्हणजे तुंबत चाललेल्या वाळूतून जाताना पाण्याच्या दाबात होणारी घट, दोन मीटरच्या जवळ गेला, म्हणून ते बॅकवॉशला घेतले. पाणी वाळूच्या थोडं वर राहील इतकं उतरवलं, काही मिनिटं खालून हवा दिली, मग उलट्या दिशेने पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत. धुतलेला फिल्टर लगेच वापरात घ्यायचा नाही, ही गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. धुतल्यानंतर पहिला काही वेळ त्यातून गढूळपणा जास्त येतो. तेवढं पाणी बाहेर सोडलं आणि मीटर 0.3 च्या खाली स्थिरावल्यावरच फिल्टर शुद्ध पाण्याच्या टाकीला जोडले.

शेवटी क्लोरिन. लोंढ्याबरोबर पालापाचोळ्याचे सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया येतात, आणि ते जंतूंआधी क्लोरिन खाऊन टाकतात. नेहमीचा 1.2 मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर अर्ध्या तासाने मुक्त क्लोरिन जेमतेम 0.2 उरत होतं. गाळलेल्या पाण्याच्या बाटल्यांत वेगवेगळे डोस देऊन अर्धा तास अंधारात ठेवले आणि क्लोरिनमुळे गुलाबी होणाऱ्या डीपीडी या रसायनाची छटा मोजली. 2 मिलिग्रॅमला 0.7 उरलं, तोच डोस लावला. आम्ही धरलेली कसोटी अशी: अर्धा तास संपर्क आणि त्यानंतर किमान 0.5 मुक्त क्लोरिन, पीएच 8 च्या खाली. कच्च्या पाण्यातच भरपूर क्लोरिन ओतण्याचा पर्याय मी टाळला, कारण सेंद्रिय पदार्थ काढण्याआधी क्लोरिन दिलं तर ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला घातक संयुगं जास्त बनतात.

सकाळी नदी 220 एनटीयूवर उतरली आणि मी पुन्हा जार लावले. तुरटी 45 वर आणली तेव्हा चुनाही त्याच हिशोबाने कमी केला. उतरत्या लोंढ्यात हे राहून गेलं तर तुरटी घटते, चुना तसाच चालू राहतो आणि पीएच वर सरकतो. पीएच 7 ला मुक्त क्लोरिनचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या प्रभावी रूपात असतो. 8 ला तो जेमतेम पाव उरतो. मीटरवर मात्र आकडा तोच दिसतो, म्हणून आमच्या नोंदवहीत आता क्लोरिनच्या रकान्याशेजारी त्याच वेळचा पीएच आणि कच्च्या पाण्याच्या गढूळपणाशेजारी अल्कलिनिटी लिहिली जाते.