पॉडकास्टच्या नावाची नोंद: ‘शिल्लक’ सुटलं, ‘हातात किती’ धरलं

नोकरीवाल्यांच्या पगार-पैशाबद्दल मराठी पॉडकास्ट काढतोय. मागच्या नोंदीत माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या रजया आणि पहिल्या काही भागांचे आराखडे एवढं झालं होतं. नाव तेवढं बाकी होतं. ते आता ठरलंय. कोणती नावं कशामुळे गळाली ते सविस्तर लिहितोय, कारण मराठी शो काढणाऱ्या प्रत्येकाला यातल्या निम्म्या अडचणी येणारच आहेत.

आधी श्रोता. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून शिकून वाळूज, चाकण नाहीतर हिंजवडीत पहिल्या-दुसऱ्या नोकरीवर असलेली पोरं-पोरी. पगार खात्यात येतो, त्यातून खोलीभाडं, गाडीचा हप्ता, आणि पेरणीच्या तोंडावर घरी पाठवायचे पैसे. हे लोक शो शोधणार कसे? कंपनीच्या बसमध्ये शेजारचा सांगेल, “अरे ते ऐक की”, आणि ऐकणारा फोन काढून इंग्रजी कीबोर्डवर नाव टाइप करेल. म्हणजे नाव कानातून आत जाणार आणि रोमन लिपीत बाहेर पडणार. माझ्या यादीतली बरीच नावं याच वळणावर पडली.

चाचणी साधी ठेवली. आतेभाऊ, ऑफिसातली मंडळी, खालच्या मजल्यावरच्या काकू, अशांना फोनवर नाव एकदाच सांगायचं आणि जसं येईल तसं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला लावायचं. ‘शिल्लक’ माझं आवडतं होतं. वजनदार शब्द, तीनच अक्षरं, पैशाशी थेट संबंध. पण परत आलं Shillak, Shilak, Shillk, Shilllak. जोडाक्षराचा ‘ल’ कोण किती वेळा लिहील त्याचा नेम नाही. ‘बटवा’ म्हटलं की Batwa आणि Batva असे दोन गट पडतात. ‘खिसा’चं Khissa झालं, म्हणजे पैशाचा शो गोष्टींच्या शोमध्ये जाऊन बसला. ‘उरलं का?’ बोलायला फार गोड आहे, पण अनुस्वाराचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येईना: Urla ka, Urle ka, Urlay ka. शोध थोडीफार चूक पोटात घालतो, मान्य. पण नव्या शोचे ऐकणारे मोजकेच असतात, आणि आपल्यापेक्षा जुना नि मोठा शो त्या चुकीच्या स्पेलिंगजवळ बसलेला असेल तर तोच वर येतो.

‘अ‍ॅडव्हान्स’ हे नाव तर देवनागरीतच अडखळलं. पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड ‘ॲ’ हे एकच अक्षर देतात, काही ‘अ’ला वरून चंद्र जोडतात. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण संगणकासाठी ती वेगवेगळी अक्षरं, आणि प्रत्येक अ‍ॅपचा शोध ती एक धरेलच असं नाही. ‘ऱ्या’चंही तसंच, म्हणून ‘नोकऱ्या’, ‘दुसऱ्या’ असले शब्द नावात घेऊच नका असं मी म्हणेन.

मग ‘अ‍ॅडव्हान्स’च्या जागी आपला ‘उचल’ का नको, असं डोक्यात आलं. Uchal. स्पेलिंग जवळजवळ एकच, ऐकायला चटपटीत, आणि क्रेडिट कार्ड वापरणाऱ्याला लागू पडणारा. बीडच्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “कामून? माझ्या घरात उचल फेडण्यात दोन हंगाम गेलेत.” ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जाते, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे जावं लागतं. पुण्यातल्या श्रोत्याला हे नाव गमतीचं वाटलं असतं, पण माझा श्रोता तो नाही. ‘ठेव’चंही असंच. मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्यापासून बीड, संभाजीनगरकडे ठेव म्हटलं की लोक पहिलं विचारतात, कोणत्या मल्टिस्टेटमध्ये? नावानंच घाबरवायचं असेल तर गोष्ट वेगळी. ‘हप्ता’ला दोन अर्थ आहेत, त्यातला एक पोलिस स्टेशनच्या आसपास फिरतो, शिवाय Hafta नावाचा साप्ताहिक चर्चेचा पॉडकास्ट आधीपासून चालू आहे.

आता कायद्याची बाजू, थोडक्यात. ‘खिसा बँक’ असं एक नाव कुणीतरी सुचवलं होतं. बँकिंग नियमन कायदा १९४९च्या कलम ७ प्रमाणे बँक नसलेल्याला धंद्याच्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही. आज हा छंद आहे, पण उद्या एक जाहिरात घेतली की त्याला धंदा म्हणता येईल, मग कशाला तो घोळ? ‘सल्ला’, ‘अ‍ॅडव्हायझर’ हे शब्दही टाळले. पैसे घेऊन गुंतवणूक सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, हे नियम २०१३चे आहेत. आपण समजावून सांगतो, सल्ला देत नाही, आणि नाव त्याच्या उलट बोललं तर भागाच्या सुरुवातीला कितीही सूचना वाचून दाखवा, उपयोग नाही. ‘डबल’, ‘श्रीमंत’, ‘करोडपती’ ही तर विचारातसुद्धा नव्हती.

नुसतं ‘पगार’ ठेवावं असाही एक विचार बरेच दिवस होता. Pagar, स्पेलिंग ठरलेलं, हिंदीवाल्यालाही कळतं. अडचण अशी की हा शब्द कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. शोधलं तर वेतन आयोगाच्या बातम्या, शिक्षकांची थकलेली बिलं आणि पगारपत्रकाची अ‍ॅपं वर येतात. आणि ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम ९ प्रमाणे मालाचं वा सेवेचं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदवणं अवघड. पगाराबद्दलच्या शोचं नाव ‘पगार’, हे वर्णनच झालं. नोंदणी करायची नसली तरी हा निकष मला नाव पारखायला उपयोगी वाटतो: जे नोंदवता येत नाही ते लक्षातही राहत नाही, बहुतेक वेळा.

‘हातात किती’ सापडलं ते एका सोयरिकीच्या बोलणीत. मुलाच्या बाजूनं कुणीतरी वार्षिक पॅकेज सांगितलं आणि मुलीचे मामा शांतपणे म्हणाले, “ते असू द्या हो, हातात किती येतात?” आमच्याकडे हा प्रश्न लग्नात, खोली बघताना, दोस्तांच्या कट्ट्यावर, सगळीकडे विचारला जातो. लोकांच्या तोंडी आधीच असलेलं वाक्य म्हणजे जाहिरातीचं निम्मं काम झालेलं. फोनच्या चाचणीत बहुतेकांनी Hatat Kiti लिहिलं, थोड्यांनी Haatat. एवढा फरक चालतो, कारण ‘किती’ सगळ्यांनी एकसारखं लिहिलं, आणि दोन शब्दांतला एक पक्का असला तरी शोधाला धरायला जागा मिळते.

दुसरी कसोटी अशी की नावातून पहिला भाग आपसूक निघायला हवा. तो निघाला. समजा सीटीसी म्हणजे वार्षिक पॅकेज ४,८०,००० रुपये, महिना ४०,०००, आणि बेसिक निम्मं म्हणजे २०,०००. या ४०,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २,४०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ९६२ आधीच धरलेली असते. ते वजा केल्यावर स्लिपवर दिसणारी रक्कम ३६,६३८. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की हातात ३४,०३८. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर बसत नाही. पण कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असेल तर दोन्हीकडचा पीएफ प्रत्येकी १,८०० होतो आणि त्याच सीटीसीत हातात ३५,२३८ येतात. बाराशेचा फरक, पॅकेज तेच. मग जास्त हातात आलेले बरे की पीएफमध्ये गेलेले बरे, हा भाग दुसरा.

या नावाची मर्यादाही आहे. ते फक्त पगाराच्या स्लिपबद्दल वाटू शकतं, म्हणजे विमा किंवा एसआयपीचा भाग आला की श्रोता म्हणेल, हे कुठून आलं? त्यावर उपाय म्हणून प्रत्येक भागाचं शीर्षक त्याच प्रश्नाला बांधायचं ठरवलंय: ‘हप्ते गेल्यावर’, ‘नोकरी सोडताना’, ‘साठीनंतर’. हातात किती, हे पुढे प्रत्येक वेळी जोडता येतं. ज्याला जोडता येत नाही तो विषय आपल्या शोचा नाही, असा उलटा फायदाही झाला.

फीडमध्ये असं टाकलंय:

```xml
<title>हातात किती | Hatat Kiti</title>
<language>mr</language>
```

दोन्ही लिप्या शीर्षकातच, बाकी एक शब्द जास्त नाही. शीर्षकात ‘मराठी फायनान्स सेव्हिंग टॅक्स एसआयपी’ अशी माळ लावायचा मोह होतो, पण अ‍ॅपलनं किवर्ड कोंबू नका असं स्पष्ट सांगितलंय आणि त्यापायी शो काढलाही जाऊ शकतो. प्रश्नचिन्ह फक्त कव्हरवर ठेवलं. हँडल आणि फाइलच्या नावात ते चालत नाही, आणि तीन ठिकाणी तीन रूपं नकोत.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं केलंय (अ‍ॅपलला किमान १४०० लागतं), पण ठरवताना ते फोनवर नखाएवढं करून बघितलं. बारीक फॉन्टमध्ये शिरोरेषा पुसली जाते आणि ‘किती’च्या वेलांट्या एकमेकींत मिसळतात. मुक्ता या फॉन्टचा सगळ्यात जाड प्रकार घेतला, दोन शब्द एकाखाली एक, मागे एकच रंग. नोटांचे, नाण्यांचे फोटो नाहीत.

ट्रेडमार्कचा अर्ज आत्ता करत नाही. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये लागतात, आणि मला शिक्षण-मनोरंजनाचा वर्ग ४१ तरी हवाच, कदाचित आर्थिक सेवांचा ३६ पण. पण सरकारी साइटवरचा मोफत शोध मात्र करून ठेवला, उच्चारसाम्याच्या पर्यायासह, कारण Hatat आणि Haathat तिथं एकत्र तपासता येतात. तुम्हीही नाव ठरवण्याआधी तेवढं कराच.

एक गोष्ट मला एकट्याला तपासता येत नाही. माझ्या फोनची भाषा मराठी आहे आणि बोलून शोधलं की नाव बरोबर येतं. हिंदी ठेवलेल्या एका फोनवर ‘हाथात’ झालं. नांदेड, संभाजीनगरकडे फोन हिंदीत ठेवणारे बरेच आहेत. ज्यांचा फोन हिंदी किंवा इंग्रजीत आहे त्यांनी माइकचं बटण दाबून एकदा ‘हातात किती’ म्हणावं, आणि समोर जे उमटेल ते जसंच्या तसं, फोनच्या भाषेसकट, मला पाठवावं. ट्रेलर त्यानंतरच चढवतो.