उद्दिष्टांपासून वर चढत लिहिलेली प्रस्तावना

माझ्या प्रबंधाचा विषय अध्ययनाच्या मानसशास्त्रातला आहे: सोडवून दाखवलेले गणित पुन्हा वाचण्यापेक्षा, ते झाकून त्याच्या पायऱ्या स्वतः आठवून लिहिल्या, तर विद्यार्थ्याला अधिक काळ लक्षात राहते का? प्रस्तावनेचे प्रकरण पूर्ण झाले होते, संदर्भ तपासून झाले होते आणि त्यातले प्रत्येक विधान आधारासह होते. तरीही मार्गदर्शक मॅडमनी ते परत पाठवले आणि सोबत एकच प्रश्न लिहिला: “शेवटचे पान झाकले, तर आधीची पाने वाचून तुमची उद्दिष्टे काय असतील, हे मला ओळखता येईल का?” प्रस्तावना नरसाळ्यासारखी असावी, वर विस्तृत संदर्भ, मग निमुळता होत जाणारा विषय आणि तळाशी उद्दिष्टे, हे आपण सगळेच ऐकलेले असते. लिहून झालेल्या प्रकरणाला तो आकार प्रत्यक्षात कसा द्यायचा, याविषयीचा माझा अनुभव येथे मांडत आहे.

सुरुवात मी उलट आराखड्याने केली. मूळ मजकुराला हात न लावता, प्रत्येक परिच्छेद काय सांगतो हे एका ओळीत वेगळ्या कागदावर उतरवले आणि त्यापुढे तो परिच्छेद कोणाविषयी व कशाविषयी बोलतो, याची व्याप्ती लिहिली. ती यादी अशी झाली: शिक्षणात स्मरणाचे स्थान, एबिंगहाउसचे 1885 मधील विस्मरणावरील प्रयोग, स्मृतीचे प्रकार, पुन्हा वाचणे आणि आठवून लिहिणे यांची तुलना करणारा रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा अभ्यास, परीक्षेचा ताण, शिकण्याच्या गुंतागुंतीच्या साहित्याविषयी 2015 मध्ये झालेला वाद, माझी पद्धत, उद्दिष्टे. नुसत्या या ओळी वाचल्या, तरी व्याप्ती कुठे बिघडते ते दिसते. रोडिगर आणि कार्पिक यांच्यापर्यंत विषय एका विशिष्ट परिणामावर येऊन थांबला होता. परीक्षेच्या ताणाच्या परिच्छेदात तो पुन्हा सर्व विद्यार्थी आणि सर्व परीक्षांपर्यंत पसरला. निमुळता झालेला विषय मध्येच रुंद होतो, तेव्हा वाचकाला आधीचे सारे विसरून नव्याने सुरुवात करावी लागते. हा दोष वाक्य-वाक्य वाचताना सापडत नाही, कारण प्रत्येक परिच्छेद आपापल्या जागी चांगलाच असतो.

भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा या टप्प्यावर मोठा आधार झाला. संशोधनलेखांच्या प्रस्तावना तीन हालचालींतून पुढे जातात, असे त्यांनी दाखवले: आधी क्षेत्र प्रस्थापित करायचे, मग त्या क्षेत्रातली रिकामी जागा दाखवायची आणि शेवटी आपले संशोधन त्या जागेत उभे करायचे. नरसाळ्याच्या आकृतीत फक्त रुंदी कमी होताना दिसते; या प्रारूपात प्रत्येक भागाने करायचे काम दिसते. माझ्या यादीत पहिल्या हालचालीला पाच परिच्छेद होते आणि दुसरीला, म्हणजे रिकाम्या जागेला, 2015 च्या वादावरील परिच्छेदाच्या शेवटचे एक वाक्य.

फेरमांडणी वरून खाली करायची की खालून वर, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरून लिहिताना प्रत्येक संदर्भ आवश्यकच वाटतो, कारण तो कशासाठी आवश्यक आहे हे अजून ठरलेले नसते. म्हणून मी तळाशी असलेली उद्दिष्टे आधी लिहिली. जुन्या मसुद्यातले उद्दिष्ट असे होते: “आठवून सराव करण्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास करणे.” हे वाक्य याच विषयावरच्या कुठल्याही प्रबंधात चालले असते. नवे उद्दिष्ट असे झाले: “ज्या गणितांत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते, अशा गणितांसाठी सोडवलेले उदाहरण पुन्हा वाचणे आणि त्याच्या पायऱ्या न पाहता आठवून लिहिणे, या दोन पद्धतींची लगेचच्या आणि एका आठवड्यानंतरच्या चाचणीतील गुणांवरून तुलना करणे.” दुसरे उद्दिष्ट असे: “आठवून लिहिल्यानंतर बरोबर उत्तर दाखवल्यास ही तुलना बदलते का, हे तपासणे.”

या दोन वाक्यांत चार गोष्टी आहेत: परस्परांवर अवलंबून पायऱ्या, वाचन आणि आठवण यांची तुलना, चाचणीपूर्वीचा काळ, आणि बरोबर उत्तर दाखवणे. माझ्यापुरता नियम असा ठरला की यांपैकी प्रत्येक गोष्ट वाचकाला उद्दिष्टांपूर्वी भेटलेली असली पाहिजे आणि ती तिथे का आहे हेही त्याला कळलेले असले पाहिजे. जो परिच्छेद या चारांपैकी कशाचीही ओळख करून देत नाही, त्याची जागा प्रस्तावनेत नाही. या कसोटीवर स्मृतीच्या प्रकारांचा परिच्छेद पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात गेला आणि परीक्षेच्या ताणाचा परिच्छेद चर्चेच्या प्रकरणात, अभ्यासाच्या मर्यादांजवळ. चारांपैकी शेवटच्या गोष्टीविषयी मात्र जुन्या मसुद्यात एक वाक्यही नव्हते. बरोबर उत्तर दाखवण्याचा उल्लेख थेट उद्दिष्टांतच उगवत होता.

त्यानंतर रिकाम्या जागेचा भाग हाती घेतला आणि सर्वाधिक वेळ तिथेच गेला. जुने वाक्य होते: “गुंतागुंतीच्या साहित्यावर या संदर्भात फारसे संशोधन झालेले नाही.” अशा वाक्यात दोन अडचणी असतात. एक म्हणजे ते बहुधा खरे नसते. परीक्षकाने एक अभ्यास दाखवला की ते कोसळते. दुसरी अधिक मूलभूत आहे. एखादी गोष्ट कोणी अभ्यासली नाही, एवढ्यावरून ती अभ्यासली पाहिजे असे ठरत नाही. ती माहीत नसल्यामुळे आधीच्या संशोधनातले नेमके काय अडून राहिले आहे, ते दाखवावे लागते.

माझ्या बाबतीत हे दाखवण्याचा मार्ग 2015 च्या वादातून जात होता. व्हान गॉग आणि स्वेलर यांनी त्या वर्षी असे मांडले की साहित्याची गुंतागुंत वाढते, म्हणजे एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटकांची संख्या वाढते, तसा आठवून सराव करण्याचा फायदा कमी होतो किंवा नाहीसा होतो. कार्पिक आणि ऑ यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले की गुंतागुंतीच्या साहित्यातही हा फायदा टिकून असल्याचे पुरावे आहेत. जुन्या मसुद्यात मी दोन्ही बाजू सांगून “याबाबत एकमत नाही” असे लिहिले होते. पण मतभेद आहे हे सांगणे आणि तो कशामुळे सुटत नाही हे सांगणे, यांत फरक आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी आधार घेतलेले अभ्यास पुन्हा काढून मी प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: साहित्य उताऱ्याचे होते की सोडवायच्या समस्येचे, आणि आठवून झाल्यावर बरोबर उत्तर दाखवले होते का. या दोन रकान्यांतून असे दिसले की मी पाहिलेल्या अभ्यासांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. निष्कर्षांतला फरक नेमका कशामुळे पडला, हे त्यामुळे सांगता येत नव्हते.

नवा परिच्छेद इथून उभा राहिला. परस्परांवर अवलंबून पायऱ्यांच्या गणितात दुसरी पायरी आठवली नाही, तर तिसरी आणि चौथी आठवण्याची संधीच उरत नाही. बरोबर उत्तर दाखवले नाही, तर विद्यार्थ्याचा सराव पहिल्या पायरीपाशीच थांबतो. उताऱ्यात तसे होत नाही, कारण एक मुद्दा विसरला तरी दुसरा आठवता येतो. हे कारण दिल्यावर रिकाम्या जागेचे वाक्य असे झाले: “गुंतागुंतीमुळे फायदा घटतो की दुरुस्तीच्या अभावामुळे, हे उपलब्ध अभ्यासांतून वेगळे करता येत नाही, कारण तपासलेल्या अभ्यासांत हे दोन घटक एकाच प्रयोगात स्वतंत्रपणे बदललेले आढळले नाहीत.” “तपासलेल्या अभ्यासांत” हे शब्द मी जाणीवपूर्वक ठेवले आणि कोणत्या माहितीकोशांत, कोणत्या शब्दांनी व कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला, ते आढाव्याच्या प्रकरणात नोंदवले. दावा जेवढा शोधला तेवढाच असला, की तो मौखिक परीक्षेत सांभाळता येतो.

वरचा भाग यानंतर फार लवकर झाला. शिक्षणातील स्मरणाच्या महत्त्वाविषयीची सर्वसाधारण वाक्ये निघून गेली आणि प्रकरण आता अभ्यासाच्या दोन सवयींपासून, वाचन आणि आठवण यांपासून, सुरू होते. माझ्या प्रबंधासाठी तोंड एवढेच रुंद असणे पुरेसे होते. एबिंगहाउस राहिला, पण दोन वाक्यांत आणि फक्त काळाची बाजू मांडण्यासाठी. रोडिगर आणि कार्पिक यांचा अभ्यास मात्र अधिक सविस्तर आला, कारण त्यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, तर दोन दिवसांनी आणि एका आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या उद्दिष्टात चाचणीच्या दोन वेळा का आहेत, हे एवढ्यावरून वाचकाला आपोआप कळते. त्या प्रयोगातले साहित्य गद्य उतारे होते, या वाक्याने तो परिच्छेद संपतो आणि पुढचा परिच्छेद “उताऱ्यांऐवजी पायऱ्यांची गणिते असतील तर” येथून सुरू होतो.

ही रचना प्रत्येक प्रबंधाला जशीच्या तशी बसणार नाही. माझ्याच प्रकरणात दोन परंपरांचे संशोधन आहे, एक स्मरणाचे आणि दुसरे समस्या सोडवताना मनावर पडणाऱ्या भाराचे. त्यांना एकाच धारेत कोंबले, की कोणता अभ्यास कुठल्या चर्चेतला आहे ते कळेनासे होते. म्हणून दोन्ही धारा थोडे अंतर वेगळ्या चालतात आणि 2015 च्या वादाशी एकत्र येतात. त्या एकत्र येणार आहेत, हे पहिल्याच पानावर एका वाक्यात सांगितले आहे.

शेवटी प्रत्येक उद्दिष्टासमोर निष्कर्षांच्या प्रकरणातला संबंधित विभाग लिहून पाहिला. विद्यार्थ्यांचा स्वतःच्या तयारीविषयीचा अंदाज तपासण्याचे तिसरे उद्दिष्ट जुन्या मसुद्यात होते. त्यासाठी गोळा झालेली माहिती अपुरी असल्यामुळे मॅडमच्या संमतीने ते वगळले आणि वगळल्याची नोंद पद्धतीच्या प्रकरणात केली. गृहीतके मात्र संशोधन आराखड्यात मंजूर झाली होती त्याच शब्दांत ठेवली. प्रस्तावना नंतर लिहिली जात असली, तरी हाती आलेले निष्कर्ष पाहून गृहीतके त्यांच्याशी जुळवून घेतली, तर आधी केलेले भाकीत आणि नंतर सुचलेले स्पष्टीकरण यांतला भेद पुसला जातो. दुसऱ्या उद्दिष्टाचे गृहीतक माझ्या निष्कर्षांत अंशतःच टिकले आहे, आणि प्रस्तावनेत ते मूळ रूपातच आहे.