‘काय बे मास्तर’ लिहिण्याआधीचं अर्धं मिनिट

आमच्या टोळक्यातल्या एकाला आम्ही मास्तर म्हणतो. शाळेत तो कधीच शिकवत नव्हता, नुसता चष्मा होता म्हणून. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला त्याने नागपुरात कापडाचं छोटंसं दुकान काढलं आणि फेसबुकवर फोटो टाकला. झेंडूचं तोरण, शेजारी बायको, हातात नारळ. मी पुण्यात ऑफिसात बसलो होतो. फोटो पाहिला आणि दुसऱ्या मिनिटाला लिहून मोकळा झालो, “काय बे मास्तर, हे तरी वर्षभर चालव! मागची रसवंती तर होळीलाच बंद पडली होती.”

रसवंतीचा किस्सा आमच्यात दहा वर्षं चघळला जातोय. रसाचा सीझन सुरू होतो तेव्हाच याने दुकान बंद केलं, यात गंमतच तेवढी आहे. अर्ध्या तासात अकरा जण हसले. सगळे आमचेच.

रात्री साडेदहाला मास्तरचा फोन आला. दुकानासाठी पैसे त्याच्या बायकोच्या काकांनी दिले होते आणि त्यांना रसवंतीबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कॉमेंट वाचून पुतणीला फोन केला होता. “तू खोटं नाही लिहिलं बे,” मास्तर म्हणाला, “पण तिथं कशाला लिहिलं?”

मी घाईघाईने वाक्य बदलून गोड केलं. ती आणखी मोठी चूक झाली. कॉमेंट बदलली की तिच्याखाली तशी खूण येते, आणि त्या खुणेवर टिचकी मारली की जुनं वाक्यही दिसतं. काकांच्या मुलाने नेमकं तेच केलं. शेवटी कॉमेंट काढूनच टाकली, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर मी स्वतःपुरती एक सवय लावली. कुणाची जाहीर फिरकी घ्यायची तर आधी तीन गोष्टी बघायच्या: वाचणार कोण, कुणाचं आणि काय खेचतोय, आणि सध्या मूड काय आहे. सरावाने अर्धं मिनिट लागतं.

वाचणारे बघायचे म्हणजे आधी पोस्टच्या वेळेशेजारचं चिन्ह बघायचं. पृथ्वीचा गोल असेल तर ती कुणालाही दिसते, दोन डोकी असतील तर त्याच्या मित्रयादीला. माझी कॉमेंट कुणाला दिसणार हे त्याची पोस्ट ठरवते, माझी नाही, हे मी विसरलो होतो. आणि ‘त्याचे मित्र’ म्हणजे आमचं टोळकं नव्हे. त्यात सासर आहे, गिऱ्हाईक आहे, जुना साहेब आहे. मग मी माझं वाक्य मागचा किस्सा वजा करून, अगदी कोरडं वाचतो. रसवंतीचं वाक्य कोरडं वाचलं तर उरतं काय? ‘या माणसाचे धंदे बुडतात.’ पैसे दिलेल्या काकांनी तेवढंच वाचलं.

हसण्याचा सूर अक्षरांतून पोचेल हा भरवसा फोल असतो, हे मोजूनही झालंय. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध समोरच्याला 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात कळला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितल्यापेक्षा जरासाच जास्त. तेच आवाजात ऐकवलं तेव्हा प्रमाण 73 वर गेलं. माझ्या बाबतीत तर शब्दही आडवे येतात. नागपुरात ‘काय बे’ म्हणजे गळ्यात टाकलेला हात. पुण्यातल्या एका सहकाऱ्याला मी तसं लिहिलं, तर त्याच्या बहिणीने मला विचारलं, “तुमचं काही भांडण झालंय का?”

दुसरी गोष्ट, काय खेचतोय. माणसाने हौसेने घेतलेली, मिरवलेली वस्तू खेचली तर बहुतेक वेळा चालतं: मिशी, गाडी, हरणाऱ्या संघावरचं प्रेम. पैसा, वजन, टक्कल, लग्न, मूलबाळ, सुटलेली नोकरी यांना मी जाहीरपणे हात लावत नाही. ‘पण तो स्वतःच यावर विनोद करतो’ ही पळवाट मी पुष्कळ वापरली आहे. प्रश्न असा विचारायचा, की त्याने तो विनोद *इथे*, याच लोकांसमोर केलाय का? मास्तर रसवंतीवर सगळ्यात जास्त हसायचा, पण चहाच्या टपरीवर, आम्हा सहा जणांत. शिवाय त्याला उलट टोला देता येईल का हेही बघतो. हाताखालच्या माणसाला किंवा नव्या जावयाला नुसतं ‘हा हा’ लिहून गप्प बसावं लागतं. मग ती चेष्टा राहत नाही, टोमणा होतो.

मूड सगळ्यात अवघड, कारण त्यात आपलाही येतो. त्याचा मूड पोस्टवरून कळतो असं वाटतं, पण फोटो फसवतात. शेजारच्या एकाने बारीक झालेला फोटो टाकला. ‘वहिनींनी जेवण बंद केलं वाटतं’ असं मी टाइप केलं होतं; वजनाची गोष्ट म्हणून थांबलो आणि त्याला वेगळा निरोप पाठवला, “तब्येत बरी आहे ना?” दीड महिना काविळीने झोपला होता. आणि माझा मूड? दसऱ्याच्या त्या आठवड्यात माझी बढती हुकली होती. मास्तर हातात नारळ घेऊन हसत होता आणि मला ते किंचित टोचलं होतं, हे कबूल करायला मला बरेच महिने लागले. हल्ली वाक्य लिहिताना दात जरा जास्तच शिवशिवत असतील, तर ते वाक्य संध्याकाळपर्यंत ठेवून देतो. संध्याकाळी बहुतेक वेळा त्यात मजाच उरलेली नसते.

तिन्हींपैकी एका ठिकाणी अडखळलो तर वाक्य त्या माणसाला खासगीत जातं. दोन ठिकाणी अडखळलो तर कुठेच नाही. मध्यंतरी ऑफिसातल्या एकाने नव्या स्कूटरचा फोटो टाकला, चाकाखाली लिंबं. पोस्टला गोल होता. माझं वाक्य होतं, “काय बे, स्कूटर राहू दे, लिंबं कितीला पडली ते सांग!” कोरडं वाचलं तरी लिंबं महाग आहेत एवढंच उरतं, खेच लिंबांची, माणसाची नाही, तो खूश, मीही ठीक. फक्त ‘काय बे’च्या जागी ‘साहेब’ घातलं. त्याच्या आईने खाली भाव लिहिला.

या पद्धतीचा तोटाही आहे. उत्स्फूर्त येतं त्यातलं निम्मं गळतं, आणि टोळक्यातले म्हणतात की मी पुणेकर झालो. त्यात थोडं तथ्य असावं.

गेल्या दसऱ्याला दुकानाला वर्ष झालं. मास्तरने पुन्हा तोरणाचा फोटो टाकला, या वेळी फोटोत काकाही होते. मी गोल बघितला, काका बघितले, आणि जाहीर फक्त “अभिनंदन” लिहिलं. खरं वाक्य त्याला खासगीत पाठवलं, “रसवंतीचा रेकॉर्ड मोडला बे!” दोन मिनिटांनी उत्तर आलं, “हे तिथं टाकलं असतं तरी चाललं असतं. काकाच आता सगळ्यांना रसवंतीचा किस्सा सांगतात.”