मस्कतचा नंबर आणि सांगलीची शाखा: यूपीआय सुरू करतानाचा माझा अनुभव

"हा मोबाइल नंबर बँकेत नोंदलेला नाही." सुट्टीत सांगलीला आल्यावर आठवडाभर मला यूपीआयच्या ॲपमध्ये हे एकच वाक्य दिसत होतं. माझं एनआरई खातं आहे आणि त्याला मस्कतचा नंबर जोडलेला आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ओमानच्या नंबरवर यूपीआय चालतं हेही माहीत होतं. जानेवारी 2023 मध्ये एनपीसीआयने दहा देशांच्या नंबरांना परवानगी दिली, त्यात ओमान आहे. मात्र खातं एनआरई किंवा एनआरओ असावं लागतं आणि आपल्या बँकेने ही सोय सुरू केलेली असावी लागते.

पहिली अडचण माझ्या फोनमधलीच होती. एका खाचेत मस्कतचं सिम, दुसरीत इथे आल्यावर घेतलेलं भारतीय प्रीपेड. ॲप सुरू करताना आपल्याला ओटीपी येत नाही. आपल्याच फोनमधून एक सांकेतिक एसएमएस बाहेर जातो आणि तो कोणत्या नंबरवरून आला ते पाहून खातं शोधलं जातं. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर आलेला कोड विचारून भागत नाही. माझा एसएमएस भारतीय सिमवरून जात होता. मी ते सिम काढून ठेवलं आणि घरच्या वायफायवर पुन्हा केलं, तर 'पडताळणी अयशस्वी' असं आलं. मस्कतच्या सिमवर एसएमएस येत होते, पण बाहेर जात नव्हते, कारण त्यात पैसे शिल्लक नव्हते. तिकडच्या कंपनीच्या ॲपमधून रिचार्ज केल्यावर बाबांच्या फोनवर साधा एसएमएस पाठवून पाहिला. तो +968 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आलेला दिसला, तेव्हा फोनचं काम झालं हे कळलं. ही तपासणी आधीच केली असती तर माझा एक दिवस वाचला असता.

त्यानंतर मात्र वर लिहिलेलं वाक्य आलं. 'पडताळणी अयशस्वी' आलं तर दोष बहुधा फोनमध्ये किंवा सिममध्ये शोधावा, आणि 'नोंदलेला नाही' आलं तर बँकेत. मला हे कोणी सांगितलं नाही. मी दोन दिवस ॲप काढून परत टाकत बसले.

शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहून सांगितलं, "नंबर आहे की, बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी तेच उत्तर, शिवाय सल्ला: "मॅडम, भारतातला नंबर देऊन टाका, सोपं पडेल." मला ते करायचंच नव्हतं. मी परत गेले की त्या प्रीपेडचा रिचार्ज संपणार, काही महिन्यांनी नंबर बंद होणार आणि पुढे तो दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. खात्याला असा नंबर कसा जोडायचा? वर बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे भरायचे होते, आणि मी रोज रोख काढायला एटीएमपुढे उभी.

तिसऱ्या दिवशी मी हट्टच धरला: नंबर तोंडी सांगू नका, स्क्रीनवर दाखवा. त्यांनी मॉनिटर वळवला. ओमानचा मोबाइल नंबर आठ आकडी असतो. आमच्या अर्जावर मात्र चौकोन दहा होते. कुणीतरी पुढे दोन शून्यं टाकून दहा आकडे पूर्ण केले होते आणि देशाच्या कोडच्या जागी 91 तसाच राहिला होता. बाई शेवटचे आठ आकडे वाचून "बरोबर" म्हणत होत्या. मग आठवलं, व्यवहाराचे संदेश मला कायम ईमेलवरच यायचे, मोबाइलवर एकदाही नाही. परदेशात पोचत नसतील, असं समजून मी सोडून दिलं होतं. तुमचंही असं असेल तर इथे येण्याआधीच नंबर तपासून घ्या.

दुरुस्तीसाठी अर्ज, पासपोर्टची आणि ओमानच्या रेसिडेंट कार्डाची प्रत द्यावी लागली. अर्जावर मी देशाचा कोड 968 वेगळा आणि ठळक लिहिला. दोन कामाचे दिवस लागले. नंतर ॲपने एका दमात खातं शोधलं, आणि डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे व मुदत टाकून पिनही झाला.

भारतीय सिम आता पुन्हा फोनमध्ये आहे, इंटरनेटसाठी. त्याने बिघडत नाही. मस्कतचं सिम मात्र बाहेर काढायचं नाही, नाहीतर ॲप पुन्हा पहिल्यापासून पडताळणी मागतं. आणि पहिल्या 24 तासांत 5,000 रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत, म्हणून हॉस्पिटलचं बिल मी तिसऱ्या दिवशी भरलं, काउंटरवरचा कोड स्कॅन करून.