जनताचा काटा: रेग्युलेटर सरकवला की आत नेमकं काय सरकतं

वडिलांची एचएमटी जनता. हाताने चावी देण्याची, सतरा ज्वेलची, ताशी १८,००० टिकटिक, म्हणजे सेकंदाला पाच. सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाताना ते रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तिला चावी द्यायचे. तीन वर्षांपूर्वी साफसफाई करून घेतली, तेव्हापासून ती माझ्या हातात आहे आणि रोज साधारण पंधरा सेकंद पुढे जायची. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. दिवाळीनंतर मात्र ती एकाएकी दिवसाला चार मिनिटं पुढे जायला लागली. त्यानंतरच्या पाच आठवड्यांची ही नोंद.

पहिल्या रविवारी मी जे केलं ते चुकीचं होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच उलगडलं, म्हणून तेच आधी लिहितो. झाकण उघडलं. आत मागेपुढे झुलणारं चाक म्हणजे बॅलन्स, आणि त्याला वरून धरणारी पट्टी म्हणजे त्याचा पूल. त्या पुलावरचा रेग्युलेटरचा काटा टूथपिकच्या टोकाने वजाच्या बाजूला सरकवला, थांबलो, पुन्हा सरकवला. असं करत काटा जवळपास शेवटाला नेला. दिवसाची चार मिनिटांची चूक ५५ सेकंदांवर आली. सुधारली असं वाटलं. पण काटा शेवटाला टेकवावा लागतो हेच मुळात धोक्याचं लक्षण आहे. साफ केलेलं, बरं चालणारं घड्याळ काटा मधल्या भागात असतानाच वेळ धरतं. काटा टोकाला न्यावा लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि आपण तो झाकतोय.

हा काटा काय करतो ते नीट सांगतो. हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्सला झुलवणारी बारीक वेढ्यांची स्प्रिंग. तिचं आतलं टोक बॅलन्सच्या दांड्यावर बसवलेलं असतं आणि बाहेरचं टोक पुलावरच्या स्टडमध्ये पक्कं असतं. स्टडच्या थोडं अलीकडे, रेग्युलेटरच्या खालच्या अंगाला, दोन बारीक पिना असतात आणि स्प्रिंगचा बाहेरचा वेढा त्या दोन पिनांच्या मधून जातो. बॅलन्स झुलतो तेव्हा स्प्रिंग प्रत्यक्षात या पिनांपर्यंतच काम करते. पिना आणि स्टड यांच्यामधला तुकडा जवळजवळ निष्क्रिय असतो. काटा सरकवला की पिना त्या वेढ्यावरून सरकतात. स्टडकडे गेल्या तर काम करणारी लांबी वाढते, स्प्रिंग मऊ पडते, घड्याळ मागे पडतं. स्टडपासून दूर गेल्या तर लांबी कमी होते, स्प्रिंग कडक होते, घड्याळ पुढे जातं. पुलावर अधिक-उणेच्या खुणा असतात, काही जुन्या घड्याळांत अक्षरं असतात. मी मात्र खुणेपेक्षा पिना स्टडकडे चालल्या आहेत की दूर, हे भिंगातून बघतो. मग उलटसुलट होत नाही.

म्हणजे काटा फक्त लांबी बदलतो. चावी दिल्यावर आवळली जाणारी जी मेन स्प्रिंग, तिचा जोर तो वाढवत नाही, तेल सुकलं असेल तर त्याला त्याचा पत्ताही नसतो.

किती लांबी, याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग टूथपिक धरणारा हात आपोआप हलका होतो. बॅलन्सच्या एका झोक्याचा काळ स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दिवसात ८६,४०० सेकंद. मिनिटभराचा फरक म्हणजे हजारात ०.७ भाग, आणि वर्गमुळामुळे लांबीत त्याच्या दुप्पट, हजारात १.४ भाग. स्प्रिंग दहा सेंटीमीटर धरली तर मिनिटाभरासाठी पिना ०.१४ मिलिमीटर सरकायला हव्यात. काट्याचं शेपूट पिनांपेक्षा केंद्रापासून साधारण दुप्पट लांब असेल तर ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास हलतं. दहा सेकंदांसाठी लागणारी हालचाल डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. म्हणून शेपूट ढकलायचं नाही. टूथपिक टेकवून नुसता भार द्यायचा, आणि डोळ्याला काही हललेलं दिसलं तर बहुतेक जास्तच हललं असं धरायचं. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. तो घसरला तर थेट स्प्रिंगवर जातो.

दुसऱ्या आठवड्यात मित्राचा टाइमग्राफर आणला, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जातंय ते सांगणारं यंत्र. काटा शेवटाला, +५५. छोटं होकायंत्र बॅलन्सच्या वर धरलं. सुई टिकटिकीच्या तालात थरथरत होती. स्टीलच्या भागांमुळे सुई थोडी ओढली जाणं चालतं, पण तालात थरथरणं म्हणजे स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलंय. मग आठवलं, दिवाळीत मोबाइलला चुंबकाच्या झाकणाचं कव्हर घेतलं होतं आणि रात्री घड्याळ त्याच्यावरच ठेवत होतो. चुंबकलेल्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना ओढतात, चिकटतात, आणि चिकटलेला भाग कामातून जातो. म्हणजे लांबी पुन्हा कमीच झाली, फक्त या वेळी काट्याने नव्हे. काटा मागे नेऊन मी त्या आखडलेल्या लांबीची भरपाई करत बसलो होतो.

चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं आणि दाबूनच ठेवून घड्याळ सावकाश हातभर दूर नेलं. तिथे गेल्यावर बटण सोडलं. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर ते उलट पुन्हा चुंबकायची भीती असते. लगेच टाइमग्राफरवर लावलं: −१७०. +५५ वरून −१७०, म्हणजे सव्वादोनशे सेकंद चुंबकाचे होते. आणि माझा काटा १८५ सेकंद मागे गेलेला होता, तो परत आणला तर +१५, दिवाळीआधी होतं तेवढंच. आकडे इतके जुळताना बघून त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला. काट्याच्या मूळ जागेचा फोटो मात्र काढून ठेवला नव्हता. आता झाकण उघडलं की पहिलं काम तेच.

काटा चार टप्प्यांत परत आणला. पूर्ण चावी, डायल वर: +१२. अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स मध्यापासून एका बाजूला किती झुलतो ते, २६५ अंश. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, चावी न देता, पुन्हा लावलं: −३१, अँप्लिट्यूड २१५. चावी उतरत जाते तसं घड्याळ मंदावत होतं. मी काटा वीस सेकंदांनी पुढे केला. पूर्ण चावीला +३२, चोवीस तासांनी −११. फरक तोच, ४३ सेकंद. अँप्लिट्यूडही तोच. काटा दोन्ही आकड्यांना सारखाच उचलतो, त्यांच्यातलं अंतर मिटवत नाही.

रोज सकाळी चावी देणाऱ्याला खरं तर हे पुरतं. दिवसा कमावलेले सेकंद रात्री गमावले की सकाळी हिशेब शून्याजवळ येतो, आणि पुष्कळ जुनी घड्याळं अशीच आयुष्यभर चालली आहेत. पण अँप्लिट्यूड चांगला होता. पूर्ण चावीला दोनशेच्या खाली असता तर मी काट्याला हातच लावला नसता, सरळ साफसफाईला दिलं असतं. इथे तसं नव्हतं, म्हणून कारण शोधायचं ठरवलं.

मेन रोडवर एका गल्लीत एक म्हातारे घड्याळजी बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उजेडाकडे कलवलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. "भाऊ, काटा बघू नका. पिनांच्या मधे बघा, स्प्रिंग कशी डुलते ती."

बघितलं. वेढा एका पिनेला टेकायचा, सुटायचा, मधली बरीच जागा ओलांडून दुसरीला टेकायचा. ती जागा स्प्रिंगच्या जाडीच्या दोन-तीन पट असावी. "जागा पाहिजे," काका म्हणाले, "स्प्रिंग आवळली तर ती वाकते. पण श्वासापुरती पाहिजे. ही तर अंगणात खेळतेय."

ही गोष्ट मला आधी कळली नव्हती. स्प्रिंग पिनेला टेकलेली असते तेवढ्याच काळात काम करणारी लांबी पिनेपर्यंतची असते. ती अधांतरी असते तेव्हा लांबी स्टडपर्यंत जाते, म्हणजे जास्त. मोठ्या झोक्यात अधांतरी काळ थोडा. चावी उतरून झोका लहान झाला की स्प्रिंग पिनांना कमी वेळ टेकते, सरासरी लांबी वाढते, घड्याळ मागे पडतं. माझे ४३ सेकंद त्या फटीत होते. याच्या उलटही होतं: स्प्रिंग विसाव्याला एकाच पिनेला रेलून असेल तर लहान झोक्यात ती पिन सोडतच नाही, आणि घड्याळ चावी उतरताना पुढे जातं. तेव्हा फट नाही, स्प्रिंग मध्यावर आणावी लागते.

काकांनी बारीक चिमट्याने एक पिन किंचित आत घेतली. दहा मिनिटांचं काम, त्यातली नऊ बघण्यात गेली. हे मी स्वतः केलं नाही आणि एवढ्यात करणारही नाही. पिन मोडली किंवा स्प्रिंगला पीळ बसला तर या मॉडेलचा सुटा भाग शोधत फिरावं लागेल.

घरी येऊन मोजलं. काटा न हलवता पूर्ण चावीला +४१, चोवीस तासांनी +२९. फट कमी झाली म्हणून एकूण पुढे गेलं, ते अपेक्षितच होतं. अंतर मात्र ४३ वरून १२ वर आलं. मग काटा, भार देत देत, दोन बैठकांत ३५ सेकंद मागे: +६ आणि −६.

हे झाले डायल वर ठेवूनचे आकडे. चावीचं बटण खाली करून उभं धरलं तर पूर्ण चावीला −९ येतं. उभ्या आणि आडव्या जागांतला हा फरक काट्याने जात नाही. तो बॅलन्सच्या तोलाचा आणि टोकांच्या घर्षणाचा आहे. त्यावर मी रात्रीची जागा वापरतोय. या दुरुस्तीनंतर आधी सहा दिवस घड्याळ रात्री कपाटात कडेवर उभं ठेवलं, त्यात एकूण २२ सेकंद मागे पडलं. आता डायल वर करून पालथ्या वाटीवर ठेवतो, मोबाइलपासून दूर. प्रमाण म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ धरतो, रोज सकाळी सातला, चावी द्यायच्या आधी.

गेल्या सात दिवसांची बेरीज: पाच सेकंद पुढे. झाकण बंद केलंय. काट्याचा फोटो वहीत चिकटवलाय आणि खाली लिहिलंय, शेपूट मधल्या खुणेच्या अर्ध्या जाडीने वजाकडे.