विनंती

गुरुवार, रात्री साडेअकरा

बँकेने कापलेल्या दंडाचे पैसे परत आले आज. म्हणजे पंधराशे आले, जीएसटीचे २७० नाहीत. पाचशे दंड आणि त्यावर १८ टक्के म्हणजे नव्वद, असे ५९० तीनदा कापलेत, एकूण १७७०. आनंद व्हायला हवा होता, पण मी अजून त्या अर्जातच अडकलेय.

मी लिहून नेलं होतं की दंड चुकीचा लावलाय, परत करा. काउंटरवरच्या मॅडमनी वाचलं आणि पेनाने 'चुकीचा' वर काट मारली. म्हणाल्या, "असं नको ना, विनंती आहे की चार्जेस माफ करावेत, असं लिहा, लवकर होतं." आणि मी लिहिलं! तिथेच उभ्याने, त्यांच्याच दोरी बांधलेल्या पेनाने. माफ करा म्हणे. गुन्हा कुणाचा?

एप्रिलपासून पगार दुसऱ्या बँकेतून साध्या एनईएफटीने येतोय, त्याला सॅलरीचा टॅग नाही, म्हणून सिस्टमला वाटलं पगारच बंद झाला, तीन महिन्यांनी सॅलरी खातं गुपचूप साधं सेव्हिंग झालं आणि महिन्याची सरासरी दहा हजार ठेवायची अट लागली. आमच्याकडे पाच तारखेला भाडं, हप्ता आणि आईचे गेले की उरतं काय, सरासरी कुठून येणार. पासबुकात दर महिन्याला कंपनीचं नाव छापलंय, ते मॅडमनीही बघितलं, "हो, दिसतंय खरं."

बाबांना सांगितलं तर म्हणे पाचशे-सहाशेसाठी किती खेपा घालशील. त्यांना काय सांगणार, जाऊ दे.

खरं तर त्या अर्जाने काहीच झालं नाही, दहा दिवस नुसतं 'प्रोसेसमध्ये'. मग रात्री चिडून ईमेल केला, त्यात 'विनंती' एकदाही नाही. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, दंड लावायच्या आधी ग्राहकाला कळवायचं आणि बॅलन्स भरायला महिनाभर द्यायचा. मला ती नोटीस कधी पाठवली, तारीख सांगा, एवढंच विचारलं. मला फक्त पैसे कापल्याचे मेसेज आलेत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन हेही लिहिलं.

चार दिवसांत पैसे. आणि सोबत ईमेल, 'गुडविल म्हणून एकदाच सवलत देत आहोत'. घ्या! नोटिशीबद्दल अवाक्षर नाही. माझेच पैसे मला बक्षीस. वाचून आधी रडायला आलं, मग हसायलाच लागले, पोरगी विचारत होती काय झालं.

असो. खातं अजून साधंच आहे, एचआरचं पत्र देऊन परत सॅलरीत नेलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा ५९०. म्हणजे उद्या परत त्याच मॅडम. २७० चं पण लिहायचंय, पेन घरून नेते.