४४ की ४७? तीन मिलिमीटरसाठी तीन आठवडे

मला मार्फन सिंड्रोम आहे, म्हणजे शरीरातली जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार. उंची १९० सेंटिमीटर, हातपाय लांब. वडील महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा थर फाटून गेले, त्यानंतर माझी तपासणी झाली आणि निदान लागलं. तो भाग लवकर उरकला. अडकलो ते यंदाच्या सीटी स्कॅनवर.

गेल्या वर्षी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीचं मूळ, म्हणजे हृदयाला लागूनचा तिचा पहिला भाग, ४३ मिलिमीटर रुंद होतं. या वर्षी सीटीच्या रिपोर्टमध्ये ४७ आलं. मार्फनमध्ये साधारण ५० ला शस्त्रक्रिया सुचवतात. पण घरात कुणाची महाधमनी फाटली असेल किंवा वर्षात तीन मिलिमीटरहून जास्त वाढ झाली असेल, तर ४५ पासूनच विचार सुरू होतो. माझ्या बाबतीत दोन्ही लागू होत होतं. रात्री झोप येईना.

माझ्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून एकच विचारलं, "हे माप कुठल्या छेदावर घेतलंय?" महाधमनीचं मूळ शरीरात तिरकं बसलेलं असतं. सरळ आडव्या छेदावर मोजलं तर वर्तुळाऐवजी लंबगोल मिळतो आणि आकडा फुगतो. शिवाय स्कॅन हृदयाच्या ठोक्यांशी जुळवलेला नसेल, तर भिंत हलून तिची कड दुहेरी दिसते. म्हणून त्यांना रिपोर्ट नको होता, मूळ प्रतिमा हव्या होत्या.

आणि त्याच मिळेनात! रेकॉर्ड विभाग म्हणे, "रिपोर्ट दिलाय ना, आणखी काय हवं?" अर्ज दिला, तो हरवला. दुसरा दिला, तर सही नाही म्हणून परत आला. तिसऱ्या आठवड्यात सीडी मिळाली, तीही फक्त छापील फिल्मच्या काही चित्रांची. मी काउंटरवरून हललो नाही. पूर्ण मालिका घेऊनच निघालो. तुम्ही स्कॅनच्या दिवशीच सगळी मालिका मागून घ्या, एवढं माझं ऐका.

बाईंनी मुळाच्या अक्षाला काटकोनात छेद घेऊन पुन्हा मोजलं, तर ४४. गेल्या वर्षीच्या एकोच्या प्रतिमाही शेजारी उघडल्या. वाढ एक मिलिमीटर, म्हणजे मोजणीतल्या फरकाएवढीच. उंची धरूनही पाहिलं: छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १५.२ चौरस सेंटिमीटर, भागिले १.९ मीटर, म्हणजे ८. दहाच्या पुढे गेलं की शस्त्रक्रियेकडे कल जातो. मी खुर्चीतच रडलो.

औषध चालूच आहे. श्वास रोखून वजन उचलणं आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद, कारण त्यात रक्तदाब एकदम चढतो. बोलता येईल इतक्या वेगानं चालणं, सायकल चालू. हो, छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं आणि दारातच मार्फन सांगायचं.

पुढचा एको सहा महिन्यांनी, त्याच ठिकाणी.